अम्मीच्या दोन गाद्या

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठ दिवस आपाकडे धुळ्याला राहिले. चौथ्या की पाचव्या दिवशी फजरच्या नमाजला उभी राहिले, रुकूत वाकले, सजद्यातून उठले आणि सलाम फेरल्यावर लक्षात आलं की आज आपण भिंतीचा आधार घेतलाच नाही. जळगावला माझ्या घरी मुसल्याशेजारच्या भिंतीवर हाताचा एक मळकट ठसा उमटला आहे. गेल्या सहा वर्षांतला तो ठसा म्हणजे माझ्या कंबरदुखीची हजेरी समजा.

या दुखण्याचं एक वेळापत्रक आहे. फजरला कंबर लाकडासारखी असते. चहा होईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटांत, ती सैल पडते. जोहरला मी शाळेत असते, तेव्हा सहज वाकता येतं. दिवसभर उभं राहून शिकवल्यावर संध्याकाळी थोडं जडावतं, पण सकाळसारखं कधीच नाही. माणूस रात्रभर विश्रांती घेतो आणि उठल्यावर सगळ्यात जास्त दुखतं, हे उलटं गणित मला कधी खटकलंच नव्हतं. आपाच्या घरी ते पहिल्यांदा खटकलं.

जळगावला परतले आणि दुसऱ्याच सकाळी हात पुन्हा भिंतीवर गेला. धुळ्याला आराम होता म्हणून बरं वाटलं असेल, असं मिस्टर म्हणाले. पण सुट्टी अजून संपलेली नव्हती. शाळा नाही, स्कूटी नाही, वह्या तपासणं नाही. दोन्ही गावांत बदललेली मोठी गोष्ट एकच होती. तिथे मी आपाच्या कापसाच्या गादीवर झोपत होते आणि इथे आमच्या डबल बेडवरच्या काथ्याच्या गादीवर. ही गादी आम्ही लग्नानंतर काही वर्षांनी घेतली होती, तिला तेरा वर्षं झाली होती.

गादीला दोष देण्याआधी मी डॉक्टरांकडे जाऊन आले. ते काम आधीच करायला हवं होतं. त्यांनी पायात ताकद कमी वाटते का, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आहे का, लघवी-संडासवर ताबा आहे का, ताप किंवा उगाच वजन उतरणं आहे का, असं सगळं विचारलं. मग एक प्रश्न विचारला तो मला फार महत्त्वाचा वाटला. पहाटे दुखण्यानेच जाग येते का, आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो का? मणक्याच्या सांध्यांना सूज आणणारा एक आजार आहे. तो बहुतेक वेळा चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, आणि त्यातही सकाळीच जास्त दुखतं. पण तो आजार पलंग बदलला म्हणून सुट्टीवर जात नाही. माझं दुखणं धुळ्याला गेल्यावर चार दिवसांत कमी झालं होतं, हे ऐकून डॉक्टरांनी मान हलवली. व्यायाम लिहून दिले आणि निघताना म्हणाले, "गादी कडक वापरा."

हे "कडक" आपल्याकडे सगळेच सांगतात. सासूबाई सांगतात, शाळेतले शिपाई चाचा सांगतात. मी आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी फरशीवर सतरंजी आणि त्यावर एक चादर घालून झोपू लागले. दहा रात्री काढल्या. पाठीवर उताणी असेपर्यंत ठीक, पण मी मुळात कुशीवर झोपणारी. कुशीवर वळलं की सगळा भार खांद्याच्या आणि खुब्याच्या हाडावर. खांदा बधिर व्हायचा, रात्रीत दहादा कूस बदलायची. कंबरेचं दुखणं थोडं बदललं, गेलं नाही. कारण साधं आहे. बाईची कंबर खुब्यापेक्षा बारीक असते. कडक जमिनीवर खांदा आणि खुबा रुततच नाहीत, त्यामुळे मधली कंबर दोन खांबांमधल्या दोरीसारखी अधांतरी लोंबते. ती रात्रभर ताणलेली राहते. उलट फार मऊ किंवा खड्डा पडलेल्या गादीत खुबा खोल जातो आणि कंबर त्याच्या मागे ओढली जाते. दोन्हीकडे कणा वाकडाच.

मग मी जरा वाचलं. सन २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक प्रयोग छापून आला होता. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या ३१३ जुन्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला कडक गाद्या दिल्या, दुसऱ्याला मध्यम कडक. कोणाला कुठली मिळाली हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. नव्वद दिवसांनी पाहिलं तेव्हा अंथरुणात पडल्यावरचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या कामातली अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवाले पुढे होते. गंमत म्हणजे कडक गादीवाल्यांनाही आधीपेक्षा बरं वाटलं होतं. म्हणजे जुनी गादी जाऊन नवी आली, याचाही काही वाटा असणार. आणि हे सगळे गंभीर आजार नसलेले लोक होते, हेही विसरायला नको. पण "जितकी कडक तितकी चांगली" हे वाक्य त्या प्रयोगात टिकलं नाही, एवढं नक्की.

आता प्रश्न माझ्या गादीचा. तेरा वर्षं झाली म्हणून ती टाकायची का? कोणी आठ वर्षं म्हणतं, कोणी दहा. मला हे कॅलेंडर पटत नाही. पाहुण्यांच्या खोलीतली गादी पंधरा वर्षांत पंधरा रात्री वापरलेली असते, आणि आमच्यावर रोज दोन माणसं आणि लहानपणी दोन मुलं उड्या मारणारी. म्हणून मी मोजायचं ठरवलं. शिकवताना मुलांना मोजायला लावते, स्वतः कधी मोजलं नव्हतं.

चादर काढली. गादीच्या दोन्ही लांब कडांवर मुलीला आणि मिस्टरांना बसवलं नाही, नुसतं उभं केलं आणि सुतळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून धरायला लावली. जिथे माझा खुबा येतो तिथे पट्टी उभी धरली. सुतळीपासून गादीपर्यंत साडेचार सेंटीमीटर. मिस्टरांच्या बाजूला साडेपाच. गादीवर कोणी नसताना एवढा खड्डा! कंपन्या गादीची हमी देतात तेव्हा बहुधा एक ते दीड इंच खड्डा पडल्यावरच तक्रार ऐकतात, म्हणजे साधारण अडीच ते चार सेंटीमीटर. माझ्या कंबरेनं त्याच्या कितीतरी आधी तक्रार केली होती.

पण खड्डा गादीचा की पलंगाचा? हे वेगळं करायला हवं, नाहीतर नवी गादीसुद्धा वर्षभरात तशीच होते. गादी उचलून सपाट फरशीवर ठेवली आणि परत मोजलं. माझ्या बाजूला साडेतीन भरलं. म्हणजे एक सेंटीमीटर पलंगाचा होता. पलंगाच्या पेटीचं झाकण उघडून पाहिलं तर मधली आडवी पट्टी तडकलेली आणि प्लायवूड खाली झुकलेलं. पट्टी सुताराने अर्ध्या तासात बदलून दिली. उरलेले साडेतीन मात्र गादीचेच. लोक खड्डा पडलेल्या गादीखाली फळी घालतात. झुकणारा पलंग असेल तर फळीचा उपयोग होतो, पण गादीच आत मेली असेल तर फळी काय करणार?

गादी फिरवून पाहायचीही सवय असते. डोक्याकडची बाजू पायाकडे करायची. मी केलं, फरक पडला नाही. नीट विचार केला तर पडणारच नाही. माणसाचा खुबा गादीच्या साधारण मध्यावर येतो. गादी फिरवली तरी मध्य मध्यावरच राहतो. आणि आमच्या गादीला वरचा थर मऊ, खालचा कडक, म्हणून ती पालटताही येत नव्हती. काथ्याच्या गादीत नारळाचे धागे रबराच्या चिकाने एकमेकांना चिकटवलेले असतात. वर्षांनी तो चीक कोरडा पडून भुरभुरतो आणि धागे सुटे होतात. पलंगाखाली झाडताना मला कितीतरी महिने तपकिरी भुसा सापडत होता. मला वाटायचं सुतारकाम, वाळवी वगैरे. ती गादी झडत होती.

आणखी एक तपासणी मुलीने सुचवली. ती अकरावीला आहे, विज्ञानाला. मी कुशीवर झोपले, तिने माझ्या कुर्त्यावर मानेपासून माकडहाडापर्यंत कण्याच्या रेषेवर पांढऱ्या चिकटपट्टीचे पाच तुकडे लावले आणि मागून फोटो काढला. पाचही तुकडे जमिनीशी समांतर एका ओळीत यायला हवेत. आमच्या गादीवर ते झोपाळ्याच्या दोरीसारखे खाली आले होते. फरशीवर घेतला तर मधले तुकडे तरीही खाली, कारण कंबर अधांतरी. नुसत्या सुतळीने हे कळत नाही. काही फोमच्या गाद्या रिकाम्या असताना सपाट दिसतात आणि माणूस झोपला की बसतात. खड्डा वजनाखाली पाहायचा असतो.

मी हे फोनवर आपाला सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, मेरी वाली और तेरी वाली एकच तो है. तेरी किधर गयी?"

आमच्या अब्बांची एरंडोलकडे थोडी शेती होती, कपाशीची. आमच्या दोघींच्या लग्नाआधी अम्मीनं घरच्या कापसाच्या दोन गाद्या भरून घेतल्या होत्या, सहा फूट बाय तीन फूट, लाल पट्ट्यांच्या खोळीच्या. आपाने तिची दर तीन-चार वर्षांनी पिंजून घेतली. माझी आम्ही डबल बेड घेतल्यावर माळ्यावर गेली. वर बासनं, बॅगा, मुलांचे जुने गणवेश. मी खाली काढली तेव्हा ती पापडासारखी चपटी झाली होती आणि मधोमध गोळे. नुसती पाहून कोणीही भंगारात दिली असती.

धुळे आणि जळगाव १९०६ पर्यंत एकाच खान्देश जिल्ह्यात होते. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे कपाशी, आणि दोन्हीकडे पिंजारी मोहल्ले. नद्दाफ, मन्सुरी अशी आडनावं लावणारी आपली माणसं. अरबीत पिंजाऱ्याला हल्लाज म्हणतात, मन्सूर हल्लाजमधला तोच हल्लाज. मुलांना उर्दू शिकवताना मी हे सांगते तेव्हा वर्गातली दोन-तीन मन्सुरी पोरं एकमेकांकडे पाहून हसतात. लहानपणी खांद्यावर धनुकली घेऊन दोरीचा 'टुंग टुंग' आवाज करत दारावर यायचे ते पिंजारी आता राहिले नाहीत. दुकानात विजेवरचं यंत्र असतं, त्यात जुना कापूस टाकला की पलीकडून फुललेला बाहेर येतो.

चाचांच्या दुकानात गादी टाकली. त्यांनी खोळीची शिवण उसवली, आतून चिमूटभर कापूस घेतला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ओढून पाहिला. "बाजी, आधी जिंदा है, आधी मर गयी." जिवंत म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. चांगल्या रुईचा धागा ओढला की बोटाच्या पेराएवढा लांब निघतो. गोळ्यांमधला कापूस ओढला तर तुकडे आणि धूळ. कापूस घाम आणि दमट हवा शोषतो, वजनाखाली दबतो आणि धागे एकमेकांत गुंतून नमद्यासारखे होतात. पिंजल्यावर ते सुटतात, त्यांच्यात पुन्हा हवा भरते, म्हणून गादी फुगते. पण दर पिंजणीत थोडे धागे तुटतातच. चार-पाच वेळा पिंजलेल्या कापसात तुकडेच जास्त. तो फुगतो झकास आणि महिन्याभरात पुन्हा बसतो. अशा गादीला पिंजारीसुद्धा वाचवू शकत नाही, नवी रुईच लागते.

माझी फक्त एकदाच भरलेली होती, तिला दबलेपणाने मारलं होतं, पिंजणीने नाही. वजन केलं तर दहा किलो. यंत्रातून धूळ आणि तुकडे बाजूला पडून सात किलोच्या आसपास कामाचा कापूस निघाला. "और पाँच किलो नयी रुई डालनी पडेगी," चाचा म्हणाले. नवी म्हणून आणलेल्या पोत्यातही मी तेच ओढून पाहिलं. त्यात लाल-निळे दोऱ्यांचे बारीक तुकडे दिसले तर ती होजिअरीच्या चिंध्या कुटून केलेली असते, स्वस्त असते आणि लवकर बसते. चाचांनीच हे शिकवलं आणि स्वतःच्या पोत्यात हात घालू दिला. त्यांची पांढरी होती.

मग त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. गादीच्या कुठल्याही शोरूममध्ये हे मला कोणी विचारले नव्हते. वजन किती, आणि चित झोपता की करवट घेऊन? माझं वजन बासष्ट किलो, झोप करवटीवर. तर बारा किलो कापूस ठीक, चौदा भरला तर गादी दगड होईल, असा त्यांचा हिशेब. त्याच खोळीत कापूस जितका जास्त ठासला तितकी गादी कडक. मिस्टर ऐंशीच्या पुढचे आणि उताणे झोपणारे, त्यांना त्याच मापात चौदा लागला असता. टाके किती अंतरावर घ्यायचे यानेही फरक पडतो. जवळ जवळ टाके घातले की गादी घट्ट होते आणि कापूस सरकत नाही. माझ्या गादीला त्यांनी साधारण वीतभर अंतरावर टाके घेतले. तयार झाली तेव्हा सहा इंच फुगलेली होती. चाचा म्हणाले, पंधरा दिवसांत साडेचारवर येईल, तोवर निकाल लावू नका.

हे खरं निघालं. पहिले चार दिवस मी वर तरंगते आहे असं वाटत होतं आणि कंबर तशीच. तिसऱ्या आठवड्यात मुलीने पुन्हा पाच चिकटपट्ट्या लावून फोटो काढला. चार एका ओळीत, एक किंचित खाली. महिन्याभरानंतर मी भिंतीचा आधार घेणं कधी थांबवलं ते मला सांगता येत नाही. आखडलेपणा अजून असतो, पण चहाचं पाणी उकळेपर्यंत जातो. व्यायामही त्याच काळात नियमाने सुरू केले होते, तेव्हा सगळं श्रेय गादीचं असं मी म्हणणार नाही.

मिस्टरांना कापूस नको होता. "दर पंधरा दिवसांनी ऊन दाखवायला ती गच्चीवर कोण नेणार?" त्यांचा मुद्दा बरोबर आहे. बारा किलोची गादी कंबरदुखीच्या बाईने जिना चढून नेणं म्हणजे दुखणं विकत घेणं. आमच्याकडे मुलगा नेतो. ज्या घरात नेणारं कोणी नाही, किंवा गच्चीच नाही, त्या घरात कापसाची गादी वर्षात पुन्हा पापड होईल. पावसाळ्यात तर ऊनच नसतं, तेव्हा तिच्यात दमटपणा भरतोच. त्यांच्यासाठी आम्ही फोमची सिंगल गादी पाहायला निघालो. एकाच पलंगावर तीन-तीन फुटांच्या दोन वेगळ्या गाद्या, हे आमच्या दोघांच्या वजनातला फरक पाहता सोयीचंच होतं.

दुकानात प्रत्येक दुसऱ्या गादीवर 'ऑर्थो' लिहिलेलं होतं. मी विचारलं, याचा अर्थ काय? "मॅडम, कडक." एवढंच. तो शब्द कुठल्या डॉक्टरांनी तपासून दिलेला नसतो, बनवणारा छापतो. अशी एक गादी सगळी रिबॉन्डेड होती, म्हणजे फोमचे उरलेले तुकडे दाबून एकत्र केलेली. फरशीची आठवण आली. मेमरी फोमही दाखवला. त्यात हात बुडतो, छान वाटतं. पण तो फोम उष्णतेने मऊ आणि थंडीने कडक होतो. आपल्याकडे मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, रात्री बाराला भिंतीतून गरम वाफ येत असते. एसी नसलेल्या घरात मेमध्ये तो जास्त बसेल आणि अंगाखाली तापेल. वरचा इंचभर थर असेल तर गोष्ट वेगळी, पण आम्ही तो सोडला.

शेवटी साध्या फोमवर आलो. "चाळीस डेन्सिटी आहे," दुकानदार म्हणाला. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ती कडकपणा सांगत नाही, फोम किती टिकेल याचा अंदाज देते; कमी डेन्सिटीचाही फोम हाताला कडक लागू शकतो, आणि लवकर बसतो. आता हे खरं की खोटं कसं कळणार? मी कागदावर मांडलं. सहा बाय तीन फूट आणि चार इंच जाडी म्हणजे जवळजवळ ०.१७ घनमीटर. चाळीसने गुणलं की ६.८ किलो. बत्तिसाचा असता तर साडेपाचच्या आत. म्हटलं, गादी काट्यावर ठेवा. दुकानदार हसला, पण शेजारून वजनकाटा आणला. खोळीसकट ५.१ किलो भरली. खोळ अर्धा किलो धरली तर फोम ४.६, म्हणजे डेन्सिटी सत्तावीस. त्याने कंपनीला दोष दिला. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो, तिथे खोळीसकट ७.२ भरली. घेतली.

घेण्याआधी मिस्टर तिच्यावर पंधरा मिनिटं झोपले. लोक मुठीने दाबून पाहतात किंवा कडेवर बसतात. त्यातून काहीच कळत नाही, झोपताना वजन वेगळं पसरतं. उताणं झोपल्यावर कंबरेखाली हात घालून पाहायचा. हात सहज आरपार जात असेल तर गादी फार कडक, मुळीच शिरत नसेल आणि खुबा बुडाला असेल तर फार मऊ. थोडा अडत शिरायला हवा. माझी गादी दुकानात बनली म्हणून मला झोपून पाहावं लागलं नाही, नाहीतर बुरखा घालून भर बाजारात काचेच्या दाराआड झोपायचं म्हणजे अवघडच. तरी मी आता मैत्रिणींना सांगते, दुपारी तीनच्या उन्हात जा, दुकान रिकामं असतं, लाजू नका.

मागच्या आठवड्यात गादीला दहा महिने झाले. सुतळी काढली. माझ्या कापसाच्या गादीला मध्यावर दीड सेंटीमीटर, मिस्टरांच्या फोमला अर्धा. पलंगाच्या पेटीच्या आत, सुताराने बसवलेल्या नव्या पट्टीवर, मी पेन्सिलीने तारीख आणि दोन्ही आकडे लिहिले आहेत. आपाला फोन केला तर ती म्हणाली की तिची आता पाचव्यांदा पिंजायला काढावी लागणार. मी तिला म्हटलं, आधी चिमूटभर ओढून बघ. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "छोटी, धागाच येत नाही गं. नुसती धूळ येतेय."

पुढच्या रविवारी माझ्या चाचांकडून दहा किलो नवी रुई घेऊन पारोळ्यामार्गे धुळ्याला जायचं आहे. अम्मीची लाल पट्ट्यांची खोळ तेवढी तीच ठेवायची, असं आपाचं म्हणणं आहे.